आकृती हरवली, टेबल उरलं

*ताई, मी बारावी सायन्सला आहे. मावसभावाने त्याच्या क्लासच्या जुन्या सरावपत्रिकांची पीडीएफ दिली. त्यात लॉजिक गेटच्या प्रश्नांमधल्या सगळ्या आकृत्या गायब आहेत, नुसते रिकामे चौकोन दिसतात. पहिल्या प्रश्नात चार गेटचं सर्किट आहे आणि मधल्या बिंदूंसकट भरलेलं टेबल आहे:*

```
A B | C D E | Y
0 0 | 1 1 1 | 0
0 1 | 1 1 0 | 1
1 0 | 1 0 1 | 1
1 1 | 0 1 1 | 0
```

*दुसऱ्यात चार पर्याय म्हणजे चार टेबलं, उत्तर 'ब', त्यात Y वरून खाली 1, 0, 0, 0. तिसऱ्यात पर्याय असे: (अ) A.B (ब) A+B (क) A.B (ड) A+B, आणि उत्तर 'क'. दोन-दोन पर्याय सारखेच कसे? टेबलावरून आकृती परत काढता येते का, की हे प्रश्न सोडून देऊ? सीईटी जवळ आली आहे.*
*– एक विद्यार्थिनी, बार्शी*

पहिल्या प्रश्नाची आकृती परत मिळते, आणि ती कशी मिळते हे एकदा हाताने करून बघितलंस तर गेटचा धडा पक्का होईल. दुसऱ्याची मूळ आकृती मिळणार नाही, पण त्या प्रश्नाचा वेगळा उपयोग करता येईल. तिसऱ्यात आकृतीइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट हरवली आहे, ती शेवटी बघू.

पहिल्या प्रश्नात तुझं नशीब चांगलं, कारण मधले रकाने शाबूत आहेत. नुसता Y असता तर फार काही हाती लागलं नसतं. आधी एक सवय लाव: टेबलाच्या ओळी 00, 01, 10, 11 याच क्रमाने आहेत ना, ते तपास. काही पत्रिकांमध्ये मुद्दाम क्रम बदललेला असतो आणि मग पुढचं सगळं चुकतं. तुझा क्रम बरोबर आहे. आता प्रत्येक रकाना वरून खाली चार अंकांच्या ओळीसारखा लिहून घे: A म्हणजे 0011, B म्हणजे 0101, C म्हणजे 1110, D म्हणजे 1101, E म्हणजे 1011, Y म्हणजे 0110.

यापुढचा प्रश्न साधा आहे. C हा रकाना त्याच्या डावीकडच्या कोणत्या दोन रकान्यांपासून, कोणत्या गेटने तयार होतो? डावीकडे फक्त A आणि B आहेत. अँड केलं तर 0001, ऑर केलं तर 0111, नॅन्ड केलं तर 1110, नॉर केलं तर 1000, एक्स-ऑर केलं तर 0110, एक्स-नॉर केलं तर 1001. आपल्याला 1110 हवंय. म्हणजे पहिलं गेट नॅन्ड, त्याच्या दोन टोकांना A आणि B. इथे दुसरा पर्यायच नाही.

D साठी डावीकडे तीन रकाने आहेत, म्हणून जोड्या तीन: A-B, A-C, B-C. A-B ची सहाही उत्तरं वर आलीच आहेत, त्यात 1101 नाही. A आणि C घे. दोन्ही एकदम 1 फक्त तिसऱ्या ओळीत आहेत, म्हणून अँड 0010 आणि नॅन्ड 1101. मिळालं. पण इथेच थांबू नकोस. A आणि C चं एक्स-ऑरसुद्धा करून बघ: पहिल्या ओळीत 0 आणि 1, उत्तर 1, दुसऱ्यात 0 आणि 1, उत्तर 1, तिसऱ्यात 1 आणि 1, उत्तर 0, चौथ्यात 1 आणि 0, उत्तर 1. पुन्हा 1101! एकाच जागी दोन वेगळी गेटं बसली.

असं का झालं, हे समजून घेणं मला या संपूर्ण पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. नॅन्ड आणि एक्स-ऑर यांच्यात फरक एकाच ठिकाणी आहे. दोन्ही इनपुट 0 असतील तर नॅन्ड 1 देतं आणि एक्स-ऑर 0 देतं. बाकी तीन ठिकाणी दोघांचं उत्तर एकच. आता A आणि C हे दोघं एकाच वेळी 0 कधी होतात? कधीच नाही. A शून्य असला की पहिलं नॅन्ड गेट C ला 1 करूनच सोडतं. म्हणजे ज्या परिस्थितीत ही दोन गेटं वेगळी ओळखू आली असती, ती परिस्थिती या सर्किटमध्ये त्या गेटपर्यंत पोचतच नाही. टेबल खोटं बोलत नाही, पण जे कधी घडलंच नाही त्याबद्दल ते काही सांगूही शकत नाही.

E चंही तसंच आहे. 1011 हे B आणि C च्या नॅन्डने मिळतं आणि B-C च्या एक्स-ऑरनेही मिळतं. D ला घेऊन ज्या जोड्या होतात त्याही एकदा तपासून बघ, कशातूनच 1011 निघत नाही.

आता Y, म्हणजे 0110. D आणि E चं नॅन्ड केलं की 0110 येतं. D-E चं एक्स-ऑर केलं तरी 0110 येतं, कारण D शून्य फक्त 10 या ओळीत आहे आणि E शून्य फक्त 01 या ओळीत, दोघं एकदम शून्य होत नाहीत. आणखी एक तिसरी वाट आहे: सरळ A आणि B चं एक्स-ऑर. तेही 0110 च आहे. पण ती वाट धरली तर D आणि E कुठेच जोडलेले राहत नाहीत. परीक्षेच्या सर्किटमध्ये उगाच लोंबकळणारं गेट ठेवत नाहीत, म्हणून ती वाट सोडून द्यायची.

मग हिशेब असा लागतो. C चं गेट ठरलं. D, E, Y यांच्या तारा कुठून कुठे जातात तेही ठरलं. पण या तिघांत प्रत्येक जागी नॅन्ड किंवा एक्स-ऑर यांपैकी काहीही असू शकतं, म्हणजे टेबलाशी तंतोतंत जुळणाऱ्या आकृत्या आठ. इथे टेबलाचं काम संपतं आणि प्रश्नाच्या मजकुराचं सुरू होतं. प्रश्नात 'चारही गेट एकाच प्रकारची' किंवा 'फक्त नॅन्ड वापरून' असं काही लिहिलं असेल तर आठातली एकच उरते, कारण C नॅन्डच असावं लागतं. तसं काही लिहिलेलं नसलं तरी तू चारही नॅन्डच काढ. चार नॅन्डपासून एक्स-ऑर बनवण्याची ही जोडणी पुस्तकांत नेहमी भेटणारी आहे: एक गेट सुरुवातीला, दोन मधे वर-खाली, एक शेवटी, आणि पहिल्याचं आउटपुट मधल्या दोघांनाही गेलेलं. एक्स-ऑर बनवण्यासाठी आत पुन्हा एक्स-ऑर वापरायचं, असा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. तरी हा शेवटचा टप्पा मजकूर आणि परिचय यांच्या जोरावर ठरला, टेबलाच्या जोरावर नव्हे, हे वहीत वेगळं लिहून ठेव.

मधले रकाने असण्याचा आणखी एक फायदा आहे. छपाईत एखादा अंक चुकला असेल तर तो पकडता येतो. समज, E च्या शेवटच्या ओळीत 1 ऐवजी 0 छापलं असतं, म्हणजे रकाना 1010 झाला असता. तो B चं उलट आहे, म्हणजे एक नॉट गेट लावून मिळतो, त्यामुळे वरवर बघता काही खटकत नाही. पण पुढे Y काढायला गेलीस की D-E च्या नॅन्डमधून 0111 येतं आणि एक्स-ऑरमधूनही 0111 येतं. छापलेल्या Y शी जुळत नाही. रकान्यांमध्ये असा बेबनाव दिसला की आपला हिशेब पुन्हा तपासायचा, आणि तो बरोबर असेल तर छपाईवर शंका घ्यायची.

तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये ब्रेडबोर्ड आणि 7400 ही आयसी असेल तर सरांना विचारून हे सर्किट लाव. एका 7400 मध्ये दोन इनपुटची चार नॅन्ड गेटं असतात, म्हणजे तुझा प्रश्न एका आयसीत मावतो. पिन 14 ला 5 व्होल्ट, पिन 7 ग्राउंडला. A ची तार पिन 1 आणि 4 ला, B ची पिन 2 आणि 10 ला. पिन 3 म्हणजे C, तिथून एक तार पिन 5 ला आणि एक पिन 9 ला. पिन 6 म्हणजे D, तो 12 ला. पिन 8 म्हणजे E, तो 13 ला. Y पिन 11 वर मिळतो. शून्य द्यायचं असेल तेव्हा तार खरोखर ग्राउंडला जोड. तार नुसती काढून ठेवली तर टीटीएल आयसीची मोकळी पिन 1 सारखी वागते, आणि मग मुलं म्हणतात की आयसी खराब आहे. मल्टिमीटरवर 1 साठी पूर्ण 5 व्होल्ट दिसणार नाहीत, त्याहून बरेच कमी दिसतील. त्यानेही घाबरू नकोस.

चारही ओळी वाचून झाल्या की सप्लाय बंद कर, 7400 काढ आणि त्याच जागी, एकही तार न हलवता, 7486 बसव. ती चार एक्स-ऑर गेटांची आयसी आहे आणि तिच्या पिनांची मांडणी 7400 सारखीच आहे. आता Y काय येईल? कागदावर करून बघ. C होतो A आणि B चं एक्स-ऑर, 0110. D म्हणजे A आणि C चं एक्स-ऑर, 0101, म्हणजे B च परत आला. E म्हणजे B आणि C चं एक्स-ऑर, 0011, म्हणजे A परत आला. आणि Y म्हणजे D-E चं एक्स-ऑर, 0110. चारही गेटं बदलली, Y चा एक अंकही हलला नाही. बदल फक्त आत दिसतो: A आणि B दोन्ही शून्य असताना पिन 3 वर आधी 1 होता, आता 0 आहे.

यातूनच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. तिथे फक्त शेवटचा रकाना आहे, आणि बाहेरून एकच Y देणारी सर्किटं आतून कितीही वेगळी असू शकतात. 1000 हे नॉरचं टेबल आहे, एवढं उत्तरपत्रिकेवरून कळतं. मूळ आकृतीत एकच नॉर गेट होतं, की ऑरच्या पुढे नॉट होतं, की दोन नॉट आणि मग अँड, की चार नॅन्ड गेटं, हे आता कोणीही सांगू शकत नाही. म्हणून मूळ आकृती शोधत बसू नकोस. या चारही आकृत्या स्वतः काढ आणि प्रत्येकीचं टेबल मधल्या बिंदूंसकट भर. चार नॅन्डवाली जरा लक्ष देऊन कर: पहिल्या दोन गेटांची दोन्ही टोकं जोडून अनुक्रमे A आणि B द्यायचा, म्हणजे ती नॉटसारखी वागतात. त्यांची आउटपुट तिसऱ्या नॅन्डला दिली की 0111 मिळतं, म्हणजे ऑर. आणि चौथं पुन्हा टोकं जोडलेलं नॅन्ड, म्हणून 1000. परीक्षेत जे विचारतात ते एवढंच असतं, फक्त आकृती समोर दिलेली असते.

मात्र एक मर्यादा ध्यानात ठेव. इथे आपण उत्तराकडून आकृतीकडे गेलो, म्हणून उत्तरपत्रिकेतच चूक असेल तर ती आपल्याला कधीच कळणार नाही. पहिल्या प्रश्नात रकाने एकमेकांना तपासत होते, इथे तपासणारं कोणी नाही. म्हणून हा प्रश्न सरावाच्या गुणांत धरू नकोस. आणि ज्या प्रश्नात पर्याय आहेत पण उत्तरही नाही, आकृतीही नाही, तो सरळ सोडून दे. दोन इनपुटसाठी वेगवेगळी टेबलं 16 होतात, तीन इनपुटसाठी 256. त्यातली चार पर्यायांत दिली आहेत एवढ्यावरून बरोबर कोणतं ते निघत नाही. 'दोन पर्याय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणजे त्यातलाच एक असणार' असले आडाखे काही मुलं शिकतात. त्याने गेट कळत नाहीत आणि सवय मात्र वाईट लागते.

आता तिसरा प्रश्न. कोणीही पेपर काढणारा दोन पर्याय हुबेहूब सारखे ठेवत नाही. म्हणजे छापताना ते वेगळे होते आणि त्यांना वेगळं करणारी रेघ गेली आहे. A.B च्या डोक्यावरची आडवी रेघ हे अक्षर नसतं, बऱ्याचदा ती अक्षरांवर वेगळी आखलेली असते. मजकूर एका फाइलमधून उचलून दुसरीकडे चिकटवला की अक्षरं जातात, रेघ मागे राहते. तुझ्या पत्रिकेच्या आकृत्या ज्या कारणाने गेल्या, त्याच कारणाने बहुधा या रेघाही गेल्या. आकृत्या गेल्या ते चौकोन बघून लगेच कळतं, रेघ गेलेली मात्र कळत नाही, आणि म्हणून ती जास्त घातक. इथे पर्याय सारखे दिसले म्हणून तुझं लक्ष गेलं. पर्याय A.B, A+B, A, B असे असते तर तू शंकाही न घेता चुकीचं उत्तर पाठ केलं असतंस. झेरॉक्समध्ये नॅन्ड आणि नॉरच्या टोकावरचा बारीक गोल पुसट होतो, तेव्हाही असंच होतं: नॅन्डचं अँड होतं आणि आकृती दिसायला अगदी व्यवस्थित असते.

सोयीसाठी रेघेऐवजी मी ' ही खूण वापरते. 'क' मधलं A.B मुळात काय असू शकतं? रेघ नसलेलं A.B, संपूर्ण रेघेचं (A.B)', तुटक रेघांचं A'.B', किंवा एकाच अक्षरावर रेघ असलेलं A'.B नाहीतर A.B'. यांचे रकाने त्याच क्रमाने 0001, 1110, 1000, 0100 आणि 0010. सगळे वेगळे आहेत. सलग रेघ आणि तुटक रेघ यांत मुलं हमखास गल्लत करतात. सलग रेघ म्हणजे नॅन्ड, तुटक रेघ म्हणजे नॉर, आणि दोघांत 01 व 10 या ओळींवर सरळ विरोध आहे.

पत्रिकेच्या मागे स्पष्टीकरण असेल तर तिथे शोध. A आणि B दोन्ही 0 ठेवल्यावर Y किती, एवढी एक ओळ मिळाली तरी अर्धं काम होतं. Y जर 1 असेल तर (A.B)' किंवा A'.B' हे दोनच उरतात, आणि मग 01 ची ओळ निकाल लावते: 1 असेल तर नॅन्ड, 0 असेल तर नॉर. पहिल्याच ओळीत Y शून्य निघाला तर 01 आणि 11 या दोन ओळी बघ. 01 ला 1 असेल तर A'.B, 11 ला 1 असेल तर A.B, आणि दोन्हीकडे 0 असेल तर A.B'. स्पष्टीकरणात डी मॉर्गनचा नियम वापरलेला दिसला तर कुठेतरी रेघ होती हे नक्की. आणि तिथे 'नॉर' असा शब्द असून उत्तर A.B छापलेलं असेल, तर ते A'.B' आहे असं समज, कारण (A+B)' म्हणजेच A'.B'.

स्पष्टीकरणही नसेल तर अंदाजाने रेघ काढू नकोस. अ आणि ब साधे, क आणि ड रेघेचे, असा क्रम पुष्कळदा असतो खरा, पण सलग की तुटक हे तो क्रम सांगत नाही. मावसभावाकडे क्लासने दिलेली छापील पत्रिका अजून असेल तर त्या पानांचा सरळ फोटो मागव. टाइप करून पाठवू नको म्हणून सांग, नाहीतर रेघा पुन्हा वाटेतच राहतील.